ब्लॅक बुकचा कारभारी

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला चौघांचा एक ग्रुप असतो आणि त्या चौघांत कामाची वाटणी कधी जाहीरपणे होत नाही, ती होऊन जाते. एक जण कोडिंग करतो. दुसरा प्रेझेंटेशनला उभा राहतो, कारण इंग्रजी बोलताना त्याला घाम फुटत नाही. तिसरा लॅमिंग्टन रोडला जाऊन सेन्सर घेऊन येतो आणि त्या एका फेरीच्या पुण्याईवर वर्ष काढतो. उरलेल्या चौथ्याच्या गळ्यात रिपोर्ट पडतो. मुंबई विद्यापीठाच्या मुलखात या रिपोर्टला ब्लॅक बुक म्हणतात, कारण शेवटी तो काळ्या रेक्झिनमध्ये बांधून त्यावर सोनेरी अक्षरं उमटवली जातात. मीरा-भाईंदरमध्ये हा चौथा गडी मुबलक सापडतो. मीरा रोडच्या कनाकिया भागात श्री एल. आर. तिवारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहेच; शिवाय सकाळच्या लोकलने बोरिवली-अंधेरीकडे आणि उलट दिशेने वसई-विरारकडे जाणारे भावी इंजिनीअर कमी नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जो गिऱ्हाईक असूनही काउंटरच्या आत, मालकाच्या खुर्चीवर बसून माउस फिरवत असतो आणि मालक ज्याच्यासमोर अदबीने उभा असतो, तो हाच. बाकीचे तिघे त्याला ग्रुपचा कारकून समजतात. माझं म्हणणं असं, की त्या चौघांत प्रोजेक्ट सगळाच्या सगळा कुणाला कळला असेल तर तो यालाच, आणि याचा पुरावा त्याने लावलेल्या पानांच्या क्रमात आहे.

सुरुवातीची पानं घ्या. वरवर पाहिलं तर सर्टिफिकेट, अप्रूव्हल आणि डिक्लरेशन ही तीन पानं म्हणजे एकाच मजकुराचे तीन भाऊ वाटतात. कोडिंगवाल्याला तर आजतागायत ती तीन वेगळी पानं आहेत हे ठाऊक नसतं. आमचा कारभारी मात्र प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारतो : इथे बोलतंय कोण? सर्टिफिकेटमध्ये कॉलेज बोलतं. हे काम या मुलांनीच, आमच्या देखरेखीखाली केलं असं ते विद्यापीठाला सांगतं, म्हणून खाली गाइड, विभागप्रमुख आणि प्राचार्य यांच्या सह्या. अप्रूव्हलमध्ये परीक्षक बोलतात, तेही तोंडी परीक्षेच्या दिवशी. म्हणून त्या पानावरच्या सह्यांच्या जागा तोवर कोऱ्याच राहायला हव्यात. डिक्लरेशनमध्ये मुलं स्वतः बोलतात आणि चोरी केली असेल तर शिक्षा भोगू असं लिहून देतात, म्हणून तिथे फक्त मुलांच्या सह्या. डिक्लरेशनखाली गाइडसाठी रेघ मारून ठेवणारे ग्रुप दरवर्षी निघतात. मुलांच्या प्रामाणिकपणाची हमी सरांनी द्यावी, अशी त्यांची भाबडी अपेक्षा असते. लग्नपत्रिकेत निमंत्रक कोण आणि कुणाचं नाव कुणाच्या वर, हे ज्या काकांना विचारल्याशिवाय पत्रिका छापायला जात नाही, त्या काकांचं काम इथे हा विशीतला मुलगा करतो. तळाशी ‘स्थळ’ असा रकाना असतो. स्टेशन मीरा रोड, महापालिका मीरा-भाईंदर, जिल्हा ठाणे, विद्यापीठ मुंबई! चौघे चार स्थळं सुचवतात. गेल्या वर्षीच्या रिपोर्टात मुंबई होतं, असा दाखलाही दिला जातो. कारभारी ‘मीरा रोड’ लिहितो, कारण स्थळ म्हणजे सही जिथे केली ते ठिकाण, पत्रिकेतल्यासारखं मुलाकडचं नव्हे.

आता एक नमुना प्रोजेक्ट घेऊ. समजा, भरतीच्या वेळी भाईंदरच्या खाडीलगतच्या नाल्यात पाणी किती चढलं ते मोजून मोबाइलवर इशारा देणारं यंत्र या ग्रुपने केलं. सातव्या सेमिस्टरमध्ये त्याचं नाव ‘स्मार्ट पूर-इशारा यंत्रणा’ होतं. मधल्या काळात गाइडनी विचारलं, की यात स्मार्ट काय आहे? मग नाव बदलून ‘अल्ट्रासोनिक सेन्सरवर आधारित नाला जलपातळी मापन’ झालं. हे नाव कव्हरवर, आतल्या शीर्षकपानावर, सर्टिफिकेटवर आणि अप्रूव्हलवर सारखंच लागतं, आणि सारखं म्हणजे अक्षरशः सारखं. बहुतेक ब्लॅक बुकांचा घात इथे होतो. सर्टिफिकेट गेल्या सेमिस्टरच्या फाइलमधून उचललेलं असतं, त्यामुळे कॉलेज एका प्रोजेक्टची हमी देतं आणि परीक्षक दुसराच मंजूर करतात. मुलांची नावं हॉल तिकिटावर असतात तशी, वडिलांच्या नावासह आणि त्याच स्पेलिंगमध्ये हवीत, हेही कारभाऱ्यालाच कळतं. प्रेझेंटेशनवाला तर आपलं नाव इन्स्टाग्रामवर लिहितो तसं पाठवतो. सोनेरी अक्षरं रेक्झिनवर दाबली गेली, की ती खोडरबरने पुसता येत नाहीत. म्हणून जाणता कारभारी आधी स्पायरल करून घेतो, गाइडची लाल पेनाची कामगिरी उरकली की सुधारतो आणि मगच पक्क्या बांधणीला देतो.

प्रकरणं आणि परिशिष्टं यांची विभागणी तर निव्वळ विचाराचं काम आहे. आपल्या नाल्याच्या प्रोजेक्टात पंधरा दिवस दर दहा मिनिटांनी घेतलेली मोजमापं आहेत, म्हणजे दोन हजारांवर आकडे. तिसऱ्या गड्याचं मत, की हे सगळं निकालाच्या प्रकरणात टाकावं, पुस्तक जाड दिसतं. कारभाऱ्याची कसोटी वेगळी : हे पान काढलं तर वाचणाऱ्याला युक्तिवाद समजायला अडतं का? अडत असेल तर ते प्रकरणात, अडत नसेल पण खात्री करायला कधी लागेल, तर परिशिष्टात, आणि दोन्ही नसेल तर घरी. त्यानुसार भरतीच्या एका दिवसाचा आलेख आणि चुकलेल्या मोजमापांचं छोटं कोष्टक निकालात जातं, आकड्यांची पूर्ण यादी परिशिष्ट ‘अ’मध्ये आणि प्रोग्रॅम परिशिष्ट ‘ब’मध्ये. सेन्सरच्या कंपनीने छापलेल्या माहितीपत्रकाची बारा पानं कुठेच जात नाहीत. त्यातली एकच गोष्ट, म्हणजे सेन्सर दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंतच अंतर मोजतो ही, तिसऱ्या प्रकरणात येते. कारण सेन्सर नाल्याच्या तळापासून किती उंचीवर बसवायचा ते तिच्यावर ठरतं. ही निवड करताना त्याला दिसतं, की चुकलेली मोजमापं सगळी कचरा तरंगत आलेल्या वेळची आहेत. कोडिंगवाल्याने ती ‘नॉइज’ म्हणून गाळून टाकली होती. यंत्र पाणी मोजत नव्हतं, प्लास्टिकच्या पिशव्या मोजत होतं, हा प्रोजेक्टचा सगळ्यात मोलाचा निष्कर्ष रिपोर्ट लावणाऱ्याला सापडला. याला कारकुनी म्हणायचं असेल तर जरूर म्हणा!

यावर ‘हे सगळं कॉम्प्युटर करतो’ असा आक्षेप घेतला जातो. करतो, पण सांगितलं तर. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून एक, दोन, तीन असे साधे आकडे हवे असतील, तर मधे सेक्शन ब्रेक द्यावा लागतो; नुसता पेज ब्रेक दिला तर प्रस्तावना तेराव्या पानावर सुरू होते. ब्रेक दिला, पण दुसऱ्या सेक्शनच्या हेडरमधलं `Link to Previous` बंद केलं नाही, तर प्राचार्यांच्या सहीच्या पानावर डोक्याशी ‘प्रकरण १’ उमटतं. ते सर्टिफिकेटवरून पुसायला जावं, तर सगळ्या प्रकरणांवरूनही नाहीसं होतं, आणि रात्री एक वाजता ग्रुपमधल्या उरलेल्या तिघांचे फोन बंद असतात. अनुक्रमणिका आपोआप होते, हेही खरं, फक्त प्रत्येक प्रकरणाच्या नावाला हेडिंगची स्टाइल लावलेली असेल तरच. नुसतं ठळक केलं तर ते कॉम्प्युटरच्या लेखी नाव नसतंच. शेवटच्या रात्री कुणी नवा उपविभाग घातला आणि F9 दाबून फक्त पानांचे आकडे ताजे केले, तर नवा उपविभाग यादीत येत नाही. `Update entire table` निवडावं लागतं. आणि छापील ब्लॅक बुकमध्ये पानाच्या आकड्याच्या जागी `Error! Bookmark not defined.` असं जाड अक्षरात दिसलं, तर समजावं की त्या ग्रुपला कारभारी मिळालाच नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे : हा मजकूर तो स्वतः कुठे लिहितो? सगळं गेल्या वर्षीच्या सीनियरच्या फाइलमधून येतं. डिक्लरेशनवर तर ‘हे विचार माझ्या शब्दांत मांडले आहेत’ अशी कबुली असते, आणि त्या आख्ख्या पुस्तकात स्वतःचे शब्द जिथे मुळीच नसतात असं पान नेमकं तेच. हसण्यासारखं आहे, मान्य. पण साचा आणि मजकूर यांत फरक करावा लागेल. डिक्लरेशन हा शपथेचा नमुना आहे. कोर्टात प्रत्येक साक्षीदाराने शपथ स्वतःच्या भाषेत रचावी असं कुणी म्हणत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याबद्दल जे नियम केले, त्यांनी तर आणखी मोकळेपणा दाखवला. साम्य तपासताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळायचे, असं त्यांत आहे. म्हणजे कृतज्ञता ही उसनीच असते, हे सरकारदरबारी नोंदलं गेलंय. उरलेल्या मजकुरात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. जाणत्या कारभाऱ्याचा उपयोग इथेही होतो : तो साचा सीनियरकडून घेतो आणि पूर्वसंशोधनाच्या प्रकरणातला मजकूर मात्र घेऊ देत नाही, कारण लाल रंग सगळ्यात जास्त तिथेच चढतो. कच्चा कारभारी याच्या उलट करतो. त्याचं डिक्लरेशन नव्याने लिहिलेलं असतं आणि दुसरं प्रकरण अक्षरशः जुनं. सीनियरचं नाव एखाद्या तळटीपेत राहून गेलेलं असतं, ते वेगळंच.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, की एवढं करून ब्लॅक बुक वाचतो कोण? सगळं कुणीच वाचत नाही, हे बरोबर. पण बाहेरून आलेल्या परीक्षकाकडे एका ग्रुपला द्यायला मोजकी मिनिटं असतात. त्यात तो कोड वाचत बसत नाही. तो अनुक्रमणिका उघडतो, एक पान निवडतो, तिथे ते प्रकरण आहे का बघतो. मग एखाद्या वाक्यात ‘आकृती ४.३ पाहा’ असेल, तर ती आकृती तेच दाखवते का ते बघतो. दोन्ही ठिकाणी फसलं, की यांनी स्वतःचं काम शेवटी एकदाही वाचलेलं नाही हे त्याला कळतं, आणि पुढचे प्रश्न त्या सुरात येतात. अशा वेळी प्रेझेंटेशनवाल्याचं इंग्रजी कामी येत नाही. ‘नाल्यात सेन्सर एवढ्या उंचीवर का?’ या प्रश्नाला तिघे चौथ्याकडे बघतात. चौथा पान सांगतो.

मार्क मात्र चौघांना बहुधा सारखेच पडतात. म्हणून नोकरीसाठी मुलाखती घेणाऱ्यांना एक सूचना : उमेदवाराने ब्लॅक बुक पुढे केली, तर प्रोजेक्टबद्दल विचारू नका. सर्टिफिकेटवरचं नाव आणि कव्हरवरचं नाव जुळतं का बघा, आणि जुळत असेल तर ते कुणी जुळवलं ते विचारा. समोरच्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं, तर त्या दुसऱ्यालाच बोलावून घ्या.