खिडकीकाका

जुन्या इमारतीत एक तरी खिडकीकाका असतातच. कुणी म्हणायचा अवकाश, "काका, खिडकी उघडत नाहीये," की बनियनवर शर्ट चढवून, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन ते हजर. डब्यात कटर, लांबी भरायची पट्टी, छोटी हातोडी, लाकडाचा ठोकळा आणि अर्धी मेणबत्ती.

हात मागे बांधून ते आधी चौकशी करतात. "रंग कधी काढला होता?"

"मुंजीला."

"कुणाच्या?"

"ह्याच्या." समोर मिशी फुटलेला चिरंजीव.

"त्याआधी?"

"ह्याच्या बाबांच्या लग्नात."

म्हणजे दोन पिढ्यांचा ऑइल पेंट पल्ला आणि चौकट यांच्या फटीवर वाळून बसलाय. एवढ्यात चिरंजीव काचेवर पंजा टेकून जोर लावतात. काका कडाडतात, "हात काढ! पल्ल्याने काच धरलीय, काचेने पल्ला नव्हे."

मग रंगात बुडालेली खिटी खरवडून मोकळी होते. खिटी अडकलेली असताना पल्ल्याशी झटापट करणारे काकांच्या लेखी अडाणी. नंतर कटर. फटीवरून हलक्या हाताने तीन-चारदा फिरवायचा. एका दमात कापायला गेलं की पातं घसरून काचेवर ओरखडा. आतलं झालं की काका गॅलरीत जाऊन बाहेरूनही तसंच कापतात, कारण रंगाऱ्याने दोन्हीकडून बिदागी वसूल केलेली असते. त्यानंतर पट्टी फटीत घालून हातोडीने अलगद टकटक, चारी बाजूंनी.

"पट्टी सगळीकडे सरकली आणि तरी पल्ला हलला नाही, तर दोष रंगाचा नाही," काका बजावतात. "एक तर लाकूड फुगलंय, नाहीतर कुणीतरी खिळा मारलाय. खिळा शोधायचा. लाकूड फुगलं असेल तर पाऊस संपेपर्यंत गप्प बसायचं."

दोन पल्ल्यांपैकी ज्याची कड बाहेरून दुसऱ्यावर चढलेली, तोच आधी उघडतो. हेही बाहेरूनच पाहून येतात. आता ठोकळा काचेपासून लांब, खिटीजवळच्या लाकडी पट्टीवर. खाली दोन ठोके, वर दोन. एकाच कोपऱ्यात जोर केला की पल्ला पिळवटतो आणि काच तडकते. पाचव्या फेरीला 'टच्च' आवाज होतो आणि पल्ला बोटभर सुटतो.

चिरंजीव कोरडा पॉलिश पेपर घेऊन कडा घासायला धावतात. "ओला कर तो! जुन्या रंगात शिसं असू शकतं, धूळ उडवू नकोस," म्हणून काका कागद भिजवायला लावतात. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. ही खिडकी कितीतरी जुनी. कडा वाळल्या की त्यांच्यावर मेणबत्ती घासतात.

खिडकी सताड उघडते. लगेच आतून काकू येतात, "अहो, लावून घ्या, कबुतरं शिरतील!"

काका डबा बंद करतात. "रंग लावायचा तर पल्ला उघडा ठेवून लावा. आणि कबुतर आलंच, तर माझा चहा त्याला द्या."