सहा अक्षरं, तीस दाब

आमच्या टीव्हीचा रिमोट मंगळवारी गेला. तसा तो कुठे गेला नव्हता, सोफ्याच्या फटीतच होता, पण गेला. रीतीप्रमाणे त्याला आधी तळहातावर आपटून झालं. मग सेल जागच्या जागी गोल फिरवून झाले. मग एसीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घालून झाले, त्यामुळे टीव्ही बंदचा बंद राहिला आणि एसीही बंद पडला. आईने वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून, पुसून, रबरबँडसकट पुन्हा चढवलं. आमच्या घरात यापुढे वैद्यकशास्त्र जात नाही.

भाचा म्हणाला, “मामा, मोबाईलचा कॅमेरा लाव ना.” रिमोटच्या नाकावर जो छोटा दिवा असतो, त्याचा प्रकाश अवरक्त असतो, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा; पण मोबाईलच्या कॅमेऱ्याला तो जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा तो प्रकाश गाळून टाकणारी काच बसवलेली असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरायचा. आमचा रिमोट सेल्फीत शांत होता. तो मेला होता. दुसऱ्या कुणाचा रिमोट लुकलुकत असेल आणि टीव्ही तरी हलत नसेल, तर दुखणं टीव्हीच्या डोळ्यात आहे. आणि एकही बटण न दाबता दिवा पेटतच राहिला, तर एखादं बटण चहात भिजून आत चिकटलंय. नवा रिमोट घ्यायच्या आधी एवढं पाहायला दहा सेकंद लागतात. आम्ही दोन दिवस घेतले.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ‘युनिव्हर्सल’ काढून दिला. पाकिटावर लिहिलं होतं की हा सगळ्या कंपन्यांना चालतो. शब्दच मोठा आहे, युनिव्हर्सल, विश्वव्यापी. दुकानदाराला विचारलं, “आमच्या टीव्हीला चालेल का?” तो म्हणाला, “सगळ्यांना चालतो साहेब, कोड तेवढा लागला पाहिजे.” विश्वव्यापकतेची अट शेवटच्या चार शब्दांत होती.

या कोडाची भानगड अशी. प्रत्येक कंपनीचा टीव्ही दिव्याच्या लुकलुकण्याची वेगळी बोली समजतो. दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि या लुकलुकाटाचे लांब-आखूड तुकडे पडतात, त्या तुकड्यांतून निरोप जातो. काही कंपन्या ३६ हजार धरतात, काही ४० हजार. एकाच कंपनीच्या दहा वर्षांपूर्वीच्या आणि कालच्या टीव्हीची बोलीही एकच असेल असं नाही. म्हणून सोबतच्या चिठ्ठीत एका कंपनीपुढे एक कोड नसतो, चांगली पाच-पंधरा कोडांची पलटण असते. अक्षर एवढं बारीक की ते वाचायला पुन्हा तोच मोबाईलचा कॅमेरा लागतो.

करायचं एवढंच. टीव्ही हाताने चालू करायचा. त्याचं बटण खालच्या पट्टीच्या मागे कुठेतरी लपवलेलं असतं, पाल शोधावी तसं ते शोधायचं. मग रिमोटचं ‘सेट’ बटण लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरायचं, कोड टाकायचा, दिवा विझला की कोड घेतला असं समजायचं. भराभरा दोन-तीनदा लुकलुकला तर कोड त्याला पसंत नाही. चिठ्ठी हरवली असेल तर (आमची गुरुवारीच हरवली) आपोआप शोधायची सोय असते: ‘सेट’ लागल्यावर पॉवरचं बटण दाबून धरायचं, रिमोट एकामागून एक कोड टीव्हीवर फेकत राहतो आणि टीव्ही बंद झाला की बोट उचलायचं.

इथेच घात होतो. टीव्ही बंद व्हायला क्षणभर घेतो, आपलं बोट उचलायला आणखी एक क्षण घेतं, आणि तेवढ्यात रिमोट पुढच्या कोडावर जाऊन बसलेला असतो. आपल्या डोळ्यांदेखत टीव्ही बंद होतो, आपण टाळी देतो, आणि त्यानंतर तो रिमोटने चालूच होत नाही. म्हणून दाबून धरायचं नाही. एकेकदा दाबायचं, मनात एक-दोन मोजायचं, मग पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं असतं.

भाच्याने तसं केलं, टीव्ही बंद झाला, चालू झाला, आवाज वाढला. आई म्हणाली, “झालं बाई एकदाचं!” झालं नव्हतं. बाणांची बटणं चालेनात आणि ‘होम’ दाबलं की टीव्ही एचडीएमआयवर जाई. सगळ्या कोडांत पॉवर आणि आवाज हेच सगळ्यांत आधी जमतात, कारण कंपन्या ती बटणं वर्षानुवर्षं तशीच ठेवतात. म्हणून कोडाची परीक्षा पॉवरने घ्यायची नाही. चार बाण, ओके, मागे जाण्याचं बटण आणि होम, ही सात चालली तर पास. नाहीतर पुढचा कोड. आम्हाला चौथ्या कोडाला यश आलं. तो कोड मी सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवला आहे, कारण काही स्वस्त रिमोट सेल बदलताना सगळं विसरतात आणि विश्वव्यापी स्मृती शून्यावर येते. (शिकणारे रिमोटही मिळतात, जुन्या रिमोटच्या नाकाला नाक लावून त्याचं लुकलुकणं उचलणारे. फक्त त्यासाठी जुना रिमोट जिवंत लागतो. गुरू वारल्यावर शिकवणी लागत नाही.)

एक बटण मात्र कुठल्याच कोडाने चाललं नाही: माइकचं. स्मार्ट टीव्हीच्या मूळ रिमोटमध्ये बोलून शोधायची सोय बहुतेक ब्लूटूथवर चालते, दिव्यावर नाही. दिव्याच्या रिमोटवर माइकचं चित्र छापलेलं असलं तरी ते देवघराच्या भिंतीवरच्या चित्रासारखं, हात जोडावेत, उत्तराची अपेक्षा ठेवू नये. आणि आईचं तर तेच मुख्य बटण होतं. ती टीव्हीशी बोलत असे. आता टीव्हीवर लिहायची वेळ आली.

मी तिच्यासाठी ‘सैराट’ शोधायला बसलो आणि दाब मोजले. कीबोर्ड नेहमीचा, वरच्या ओळीत q ने सुरू होणारा, खूण q वर उभी. sairat मधला s: एक उजवीकडे, एक खाली, ओके; तीन दाब. a: डावीकडे एक, ओके, दोन. मग i: एक वर, सात उजवीकडे, ओके, नऊ दाब, एका अक्षराला. r ला पाच, पुन्हा a ला पाच, t ला सहा. एकूण तीस. मग मला वाटलं, a b c d अशी सरळ वर्णमाला सहा-सहाच्या ओळींत मांडतात ती रचना सोपी असेल. तीही मोजली. s चार, a चार, i चार, r पाच, a आठ, t पाच. तीस! दोन वेगळ्या अभियंत्यांनी दोन वेगळ्या रचना केल्या आणि दोघांनीही माझ्या अंगठ्याला सारखंच राबवलं.

पळवाटा आहेत. काही कीबोर्डांत डाव्या टोकाला आणखी डावीकडे दाबलं की खूण उजव्या टोकाला निघते. A वरून डावीकडे, मग वर, मग डावीकडे, की थेट i, म्हणजे नऊऐवजी चार दाब. आपल्या टीव्हीवर हे होतं का, ते एकदा दाबून पाहायचं. दुसरं, पूर्ण शब्द लिहायचा नाही. sai वर आमच्याकडे साईबाबांची आरती आली, r दाबल्यावर यादीत सैराट वर आला. उरलेली दोन अक्षरं वाचली. मराठी नावांना तर हाच मार्ग सुरक्षित, कारण ‘अशी ही बनवाबनवी’ रोमनमध्ये लिहिताना w की v हा वाद १९८८पासून मिटलेला नाही. ashi hi एवढ्यावर थांबावं आणि खाली काय येतं ते बघावं.

खरी कसोटी शनिवारी आली. इंटरनेटवाल्याने राऊटर बदलला आणि पासवर्डही. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, आणि मध्ये @. मोठ्या अक्षरासाठी आधी वरच्या बाणाची कळ, @ साठी ?123 ची कळ, परत अक्षरांवर यायला ABC ची कळ. लिहिलेलं ठिपक्यांत लपलेलं. अंगठा सुजेस्तोवर लिहिल्यावर टीव्ही सांगतो, चूक. कुठे चूक, ते नाही. निदान ‘पासवर्ड दाखवा’ची खूण आधी करायची, हे मला तिसऱ्या फेरीत सुचलं.

अशा वेळी टीव्हीवर लिहायचंच नसतं, फोनवर लिहायचं. अँड्रॉइड टीव्ही असेल तर फोनमध्ये गुगल टीव्ही ॲप घ्यायचं. सॅमसंगला स्मार्टथिंग्ज, एलजीला थिंक्यू. गुगलच्या ॲपमध्ये रिमोटचं चित्र दाबलं की पडद्यावर एक कोड येतो, तो फोनवर टाकला की जोडणी झाली. मग टीव्हीवर लिहायची चौकट उघडली की फोनचा कीबोर्ड वर येतो. पासवर्ड चिकटवताही येतो. अट एकच: फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. आणि आपल्याला पासवर्ड टाकायचाय तो वाय-फायचाच. किल्ली कपाटात आणि कपाट बंद.

यावर भाच्याने जे केलं ते मी पाहत राहिलो. त्याने स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावला आणि त्याचा पासवर्ड ठेवला qqqqqqqq. आठ अक्षरांपेक्षा कमी चालत नाही, म्हणून आठ. टीव्हीवर खूण q वरच उभी असते, म्हणजे फक्त आठ वेळा ओके. टीव्ही त्या हॉटस्पॉटवर आला, माझा फोनही आला, ॲप जोडलं गेलं, आणि मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये घरच्या राऊटरचं नाव निवडून तो भयंकर पासवर्ड मी फोनवरून एका मिनिटात लिहिला. शेवटचं ‘जोडा’ दाबेपर्यंत टीव्ही हॉटस्पॉटवरच असतो, त्यामुळे मध्ये काही तुटत नाही. नंतर भाच्याने हॉटस्पॉट बंद केला; शेजारच्या जोशांकडेही q चं बटण आहे.

हे नको असेल तर जुन्या संगणकाचा यूएसबी कीबोर्ड टीव्हीच्या मागच्या खाचेत खोचावा. अँड्रॉइड टीव्हीवर तो बहुतेक काही न विचारता चालतो. आणि यूट्यूबमध्ये खातं उघडायला टीव्हीवर ईमेल लिहीत बसायचं नाही. तो जो कोड दाखवतो, तो फोनवर youtube.com/activate उघडून तिथे टाकायचा.

रविवारी मी आईच्या फोनमध्येही ते ॲप घालून दिलं. त्यात माइकचं चित्र आहे. ती ते दाबून फोनशी बोलते, टीव्ही ऐकतो. नवा रिमोट आता प्लास्टिकच्या कव्हरात आहे, वर दोन रबरबँड, आणि एसीच्या रिमोटचे सेल अजून जुन्या रिमोटमध्येच आहेत.