लाँड्रीमालकांस अनावृत पत्र

चांदे, ता. मुळशी, जि. पुणे

वस्त्रोद्धारक श्री. लाँड्रीमालक यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

आईची मोरपंखी पैठणी आपल्या चरणी ठेवली, तेव्हा पदरावर कटाच्या आमटीचा रुपयाएवढा डाग होता. "हळद आहे," असं सांगू लागले, तर आपण म्हणालात, "ताई, आम्ही रोजच करतो." पावतीवर फक्त 'साडी १, ड्रायक्लीन'. साडी कसली, डाग कुठे, असल्या क्षुल्लक बाबींत आपण शाई वाया घालवली नाहीत. आभारी आहे.

ड्रायक्लीनच्या द्रावकात आमटीचं तेल निघतं, हळदीचा रंग निघेलच असं नाही. त्यासाठी आतल्या टोकावर थेंब टाकून साडीचा रंग सुटतो का ते पाहून, मग डागावर बेताने काम करावं लागतं. हा फापटपसारा टाळून आपण धुण्याचा सोडा लावलात. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसंच सोड्यानेही ती लाल होते. पदरावर कुंकू करून दिलंत! सवाष्णीचा एवढा मान हल्ली कोण ठेवतं?

पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून टिपलं असतं, तर लाली उतरून पुन्हा पिवळा डाग दिसला असता. पण माघार आपल्या रक्तात नाही. आपण ब्लीच काढलंत. क्लोरीनचं ब्लीच पांढऱ्या सुती चादरीला चालतं. रेशीम हे प्रथिन, ते त्यात विरघळतं. डाग गेला, हे मान्यच. त्याच्याबरोबर पदरही गेला.

"साडी जुनीच होती," हे आपलं निदान तर थोरच. जुनं रेशीम घडीवर चिरतं, महाराज. इथे भोक नेमकं डागाच्या आकाराचं आहे, कडेचे धागे पिवळट पडलेत आणि बोट लावलं की तुटतात.

"गुरुवारी या," म्हणालात, पण कोणत्या गुरुवारी ते गुलदस्त्यात ठेवलंत. हिंजवडीचा ट्रॅफिक, कारागीर गावाला, वीज नाही: दर वेळी ताजं कारण दिलंत, शिळं कधीच नाही. शेवटी साडीसोबत ब्लाऊजही दिलात, कुणा दुसरीचा.

पावतीच्या मागे बारीक अक्षरात भरपाई 'धुलाईच्या दहापट'. आपलं औदार्य पाहून गहिवरले. पण अशी ओळ छापली म्हणून सेवेतल्या त्रुटीची तक्रार करायला बंदी होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पावती, डागाचा आधीचा फोटो आणि भोकाचा नंतरचा, तिन्ही जपून ठेवलेत.

आपण आरामात विचार करा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. आपला एखादा गुरुवार तेवढ्यात उजाडेलच.

आपली कृपाभिलाषी,
साडीवाल्या ताई