इबिड कोण? : नवशिक्या संशोधकांसाठी मार्गदर्शिका

मलकापुरातून संशोधनाच्या वाटेला लागलेल्या विद्यार्थ्याने एक पथ्य पाळावं. ग्रंथालयात जाऊन ‘इबिड यांची पुस्तकं द्या’ अशी चिठ्ठी देऊ नये. ग्रंथपाल भले असतात, ते रजिस्टर चाळतील आणि ‘बाहेर गेलंय’ म्हणून सांगतील. तळटिपांमध्ये पानोपानी दिसणारा हा गृहस्थ कधी जन्मलाच नाही. लव्हक्राफ्ट या अमेरिकी लेखकाने इबिड नावाच्या रोमन ग्रंथकाराचं चरित्र लिहिलं खरं, पण ते निव्वळ थट्टेने.

‘इबिड.’ हे लॅटिन ‘इबिडेम’चं तोडकं रूप. मराठी प्रबंधांत त्याच जागी ‘तत्रैव’ किंवा ‘कित्ता’ येतं. त्याचं काम एवढंच, की लगतच्या वरच्या टिपेकडे बोट दाखवायचं. लगतच्याच, हे वहीत अधोरेखित करून ठेवावं.

आता सराव. पुस्तकं आपल्याच मुलखाची घेऊ : यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणि नेल्सनचं १९१० सालचं बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटियर. पानांचे आकडे मात्र मी सरावापुरते घातले आहेत, ते घेऊन पुस्तकं उघडू नयेत.

पहिली टीप म्हणते : काळे, वऱ्हाडचा इतिहास, पृ. ११२. दुसरी म्हणते नुसतंच ‘इबिड.’ म्हणजे तेच पुस्तक आणि तेच पान, ११२. तिसरी : ‘इबिड., पृ. १३०.’ पुस्तक तेच, पान बदललं. चौथ्या टिपेत नेल्सन येतो, पृ. ४०. पाचवी पुन्हा ‘इबिड.’ इथे निम्मा वर्ग काळ्यांचं नाव लिहितो, कारण मघापासून काळेच चाललेले असतात. उत्तर नेल्सन, पृ. ४०. सहावी टीप : ‘काळे, ऑप. सिट., पृ. ११५.’ मध्ये नेल्सन आल्यामुळे इबिड वापरता येत नाही, म्हणून लेखकाचं नाव देऊन ‘आधी सांगितलेलं पुस्तक’ म्हटलं आहे. मराठीत याला ‘पूर्वोक्त’ किंवा ‘उ. नि.’ लिहितात.

इथपर्यंत सगळं सुरळीत. पण काळ्यांनी ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ही लिहिला आहे. सातव्या टिपेत तो आला, पृ. ६०, आणि आठवीत ‘काळे, ऑप. सिट., पृ. ६१’ असं दिसलं, तर कोणतं पुस्तक समजायचं? पान जवळचं म्हणून नागपूर, असं मन म्हणतं. पण नागपूरच हवं असतं तर लेखकाने सरळ ‘इबिड., पृ. ६१’ लिहिलं असतं. तसं लिहिलं नाही, त्याअर्थी वऱ्हाड. तर्क चोख आहे आणि त्यावर विसंबू नये. दोन्ही पुस्तकांची एकसष्टावी पानं उघडावीत आणि मजकूर कुठे जुळतो ते पाहावं. एकाच लेखकाची दोन पुस्तकं आली की ऑप. सिट. निकामी होतं, तिथे छोटं शीर्षक लिहायला हवं.

दुसरा घोटाळा संगणकाचा. इबिड म्हणजे मालगाडीचा डबा. पुढे जो जोडलेला असेल त्याच्यामागे जातो. समजा मार्गदर्शकांनी ‘इथे आणखी एक संदर्भ घाला’ म्हटलं आणि विद्यार्थ्याने पहिल्या-दुसऱ्या टिपेच्या मध्ये नवी टीप घातली. संगणक पुढचे क्रमांक आपोआप बदलतो, इबिडचा अर्थ मात्र सांभाळत नाही. मग काळ्यांचं मत भलत्याच्या नावावर चढतं, आणि टीप दिसायला निर्दोष. म्हणून इबिडमागे सांगितलेल्या पानावर ती माहिती नसेल, तर एक टीप आणखी मागे जाऊन पाहावं. पुष्कळदा खरा धनी तिथे सापडतो. प्रकरणाची पहिलीच टीप ‘इबिड.’ असेल, तर प्रकरणांची उलटापालट झाली असं बेलाशक समजावं. शिकागोच्या प्रसिद्ध लेखनपद्धतीनेही २०१७च्या आवृत्तीपासून इबिडऐवजी संक्षिप्त संदर्भाला पसंती दिली आहे.

झेरॉक्स काढताना आपल्याला हवं तेवढंच पान काढू नये. तळाशी पहिलीच ‘इबिड.’ असेल, तर मूळ नाव मागच्या पानावर राहिलेलं असतं आणि ते पुस्तक तोवर परत गेलेलं असतं.

बाकीची मंडळी झटपट. ‘लॉक. सिट.’ म्हणजे आधी दिलेल्या पुस्तकातलं तेच पान. ‘सीएफ.’ म्हणजे ताडून पाहा. तिथे दुजोराच मिळेल असं नाही, कित्येकदा उलट मत असतं, तेव्हा न वाचता तो संदर्भ आपल्या बाजूचा म्हणून उचलू नये. ‘पासिम’ म्हणजे हा विषय पुस्तकभर विखुरला आहे. लेखकाने पान शोधायचा कंटाळा केला, असाही त्याचा अर्थ निघतो. आपल्या मार्गदर्शकांच्या पुस्तकातल्या पासिमला मात्र हा अर्थ लावू नये, निदान तोंडी परीक्षा होईपर्यंत.