आठ सेकंदांचं वीरभद्रासन

ज्यांना स्वतःला वाकता येत नाही, त्यांच्यासाठीच ही विद्या आहे. कमरेला पट्टा बांधून, चहाचा कप हातात धरूनही साधक व्हिडिओ बनवणाऱ्या यंत्राकडून निर्दोष आसन करवून घेऊ शकतो. पात्रतेच्या अटी दोन. सोसायटीच्या योग दिनाचा व्हिडिओ गळ्यात पडलेला असावा, आणि तो पास करणाऱ्या काकू तीस वर्षं आसनं शिकवत असाव्यात.

आसन घ्यावं वीरभद्रासन दोन. मात्र प्रॉम्प्टमध्ये नुसतं नाव टाकू नये. मी टाकलं, तेव्हा सतरंजीवर तलवार घेऊन एक दाढीवाला अवतरला. आसनाचं नाव विसरून शरीर सांगावं: बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी आहे, पावलांत साधारण चार फूट अंतर, दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे, धड सरळ. ‘उजवा पाय’ असं कधीही लिहू नये. तिचा उजवा की आपला, हा वाद यंत्र स्वतःशीच घालतं आणि मध्येच मत बदलतं. ‘पडद्याच्या उजव्या कडेकडचा पाय’ म्हणावं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, जागचा न हलणारा. तो फिरू लागला की पावलंही सतरंजीवरून घसरू लागतात.

‘गुडघा घोट्याच्या पुढे जाऊ देऊ नकोस’ हे वाक्य म्हणजे पोराच्या हातात ताकाचं भांडं देऊन ‘सांडू नकोस’ म्हणणं. यंत्र त्यातला ‘पुढे’ तेवढा ऐकतं. म्हणून ‘गुडघा वाकून बरोबर घोट्याच्या वर थांबतो’ असं होकारार्थी लिहावं. त्याहून उत्तम म्हणजे सुरुवातीची फ्रेम आपणच द्यावी. काकूंच्या एका विद्यार्थिनीने पाय फाकवून, हात पसरून फोटो काढू दिला. आता यंत्राला फक्त एक गुडघा वाकवायचा होता. फोटोत मागे खिडकी होती. तिच्यात एक कावळा यंत्राने पदरचा घातला. वातावरणनिर्मिती म्हणून मी तो राहू दिला.

आता श्वास. पहिल्या प्रयत्नात बाई लोकल पकडून आल्यासारखी धापा टाकत होती आणि दर श्वासाला खांदे कानांपर्यंत जात होते. ‘शांत श्वास’ लिहून काही होत नाही, कारण तसं लिहिलं की चेहऱ्यावर नुसतं स्मित येतं. हिशोब करावा. मिनिटाला सात-आठ श्वासांची संथ लय धरली, तर एका श्वासाला सुमारे आठ सेकंद लागतात आणि आपली क्लिपही तेवढीच. म्हणजे अख्ख्या क्लिपमध्ये श्वास एकच! शिवाय ‘चार सेकंद’ लिहिलं म्हणून यंत्र घड्याळ लावत नाही. आहे ती हालचाल ते मिळालेल्या वेळात कशीही पसरतं. मी मग श्वास घेणं सोडूनच दिलं. क्लिपमध्ये फक्त एक लांब उच्छ्वास आणि त्याच्याबरोबर वाकणारा गुडघा: ‘पोट सावकाश आत जातं, खांदे स्थिर राहतात, उच्छ्वास संपतो तिथेच गुडघा थांबतो.’ कपडे अंगाबरोबरचे सांगावेत. ढगळ कुडत्यात पोट दिसत नाही, मग लय तपासणार कशी?

तपासणीला गवंड्याचा ओळंबा लागतो. नसल्यास दोऱ्याला किल्ली बांधावी. शेवटची फ्रेम थांबवून पडद्यासमोर दोरा धरला, तर तो गुडघ्यावरून घोट्यावर यायला हवा. मग मधल्या फ्रेम एकेक पाहाव्या. टोकाची स्थिती यंत्राला बरी जमते, वाटेत मात्र पोटरी क्षणभर लांब होते. एक दोष दोऱ्याला सापडत नाही. गुडघा आत कोसळला, तर या कोनातून नडगी सरळच दिसते. तेव्हा गुडघ्याची वाटी पाहावी. ती पावलाच्या बोटांकडे रोखलेली हवी. कॅमेऱ्याकडे वळून बघत असेल, तर क्लिप बाद. अशा अकरा बाद झाल्या. बाराव्या क्लिपमधली बाई घाईत होती, म्हणून तिला एडिटिंगमध्ये थोडं संथ केलं.

काकूंनी चष्मा लावून पाहिलं. “वाकली नीट. आता बाहेर कशी येते ते दाखव.”

बाहेर येणं मी केलंच नव्हतं. नवी क्लिप काढली, तर बाईचा चेहरा बदलला. तेव्हा मला तो गूढ मार्ग सुचला, जो येथे प्रथमच प्रकट करतो: तीच क्लिप उलटी चालवावी. उच्छ्वासाचा श्वास होतो, पोट बाहेर येतं, गुडघा सरळ होतो. आणि वीरभद्रासनातून श्वास घेतच बाहेर यायचं असतं. दोन्ही तुकडे जोडले. सांध्यावर खूण नाही, लय नेमकी.

काकूंनी पुन्हा पाहिलं. मान डोलावली. मग पडद्यावर बोट ठेवलं.

“श्वास बरोबर आहे रे. पण हा कावळा शेपटीकडून का उडतोय?”