स्लॅबच्या आदल्या रात्री वही कशी भरावी

लागणारं साहित्य: एक रिस्क रजिस्टर, एक चालू घड्याळ, एक पेन आणि दर दहा मिनिटांनी 'काय होत नाय साहेब' म्हणणारा एक कंत्राटदार. शेवटची वस्तू साइटवर आपोआप मिळते, तिची वेगळी मागणी टाकावी लागत नाही.

धरून चाला की मे संपत आलाय आणि पुण्याजवळच्या एका इमारतीचा तिसरा स्लॅब उद्या पडायचा आहे. 400 चौरस मीटर क्षेत्र, 150 मिलिमीटर जाडी, म्हणजे 60 घनमीटर काँक्रीट. सहा घनमीटरच्या दहा गाड्या लागतील. प्लांट 40 मिनिटांवर आहे आणि पंप एकच आहे. सकाळी सातला सुरुवात करून जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकायचं, कारण या दिवसांत दुपार कलली की वळवाचा काही भरवसा नसतो.

आता रजिस्टर उघडा. 'धोका' या रकान्यात नवशिका माणूस 'पंपाचा प्रॉब्लेम' एवढं लिहून चहाला जातो. तुम्ही असं लिहा: 'पाइपलाइन लांब आहे, त्यामुळे ती मध्येच चोक होऊ शकते. तसं झालं तर टाकलेल्या काँक्रीटची कडा घट्ट होईल आणि नको त्या जागी कोल्ड जॉइंट पडेल.' कारण, घटना आणि परिणाम हे तिन्ही आले की पुढचे रकाने भरायला धीर येतो. एकट्या 'प्रॉब्लेम'वर उपाय म्हणून फक्त 'लक्ष ठेवणे' एवढंच सुचतं आणि ते सगळ्यांनाच सुचलेलं असतं.

पुढचा रकाना कंटिन्जन्सी प्लॅनचा. इथे बहुतेक जण पंपाची सर्व्हिसिंग, पाइपात आधी सिमेंटची स्लरी फिरवणं, जादा रबरी सील आणून ठेवणं असं सगळं लिहून पान भरतात. हे सगळं चांगलंच आहे, पण पंप बिघडो वा न बिघडो, ते करायचंच असतं. त्याची जागा रोजच्या कामाच्या यादीत. कंटिन्जन्सी प्लॅन म्हणजे एरवी हात न लावता ठेवलेलं आणि ठरलेली खूण दिसली तरच उचलायचं काम. आपल्या स्लॅबपुरतं ते असं: 'दुसऱ्या पुरवठादाराचा पंप स्टँडबाय. बोलावल्यापासून 45 मिनिटांत गेटवर. बोलावण्याचा अधिकार साइट इंजिनिअरचा, मालकाला विचारायची गरज नाही. खर्च कंटिन्जन्सी रिझर्व्हमधून.' शेवटची दोन वाक्यं गाळू नका. ती गाळली की पंप बंद असतो, मालक लग्नात असतो आणि फोन सायलेंटवर असतो.

इथवर ध्येय बदललेलं नाही, हे ध्यानात घ्या. पंप बदलला, पण स्लॅब आजच पुरा करायचा आहे. फॉलबॅक प्लॅन नेमका इथे वेगळा पडतो. दुसरा पंपही आला नाही किंवा येऊनही चालला नाही, म्हणजे कंटिन्जन्सी प्लॅन फसला, तर 'आजच पुरा' हा हट्टच सोडायचा आणि नीट थांबायचं कसं तेवढं बघायचं. काँक्रीट थांबतंच, आपण ठरवलं नाही तर ते स्वतःच्या मर्जीने कुठेही थांबतं.

म्हणून फॉलबॅकच्या रकान्यात 'काम थांबवणे' लिहिलंत तर ते चालणार नाही. स्लॅब कुठे तोडायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आदल्या दिवशीच ड्रॉइंगवर लाल रेघेने दाखवून घ्या. ही जागा साधारणपणे गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात येते, कारण बीमजवळ शिअर जास्त असतो आणि जोड तिथे नको. त्या रेघेवर उभी फळी लावायची, सळ्या फळीतून आरपार जाऊ द्यायच्या. फळ्या खाचा पाडून सकाळी सातच्या आत वर पोचलेल्या असाव्यात. पंप बंद पडल्यावर सुतार शोधायला निघालात तर सुतार मिळेल, पण जेवायला बसलेला. दुसऱ्या दिवशी जोडाचा पृष्ठभाग टोचून वरची दुधी साय काढायची, धुवायचा, ओला ठेवायचा आणि मगच पुढचं काँक्रीट टाकायचं. हेही आजच लिहून ठेवा, कारण त्या दिवशी वर वेगळाच मुकादम असेल.

आणि रस्त्यावरच्या गाड्या? हा प्रश्न कोणीच लिहीत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळू. तुम्ही थांबायचं ठरवता तेव्हा निदान दोन गाड्या वाटेत असतात. म्हणजे 12 घनमीटर काँक्रीट तुमच्या दिशेने गरगर फिरत येत असतं. रेडी-मिक्स गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामं व्हायला हवं, नाहीतर ते गाडीतच बसायला लागतं. तेव्हा फॉलबॅकमध्ये दोन ओळी वाढवा: 'प्लांटला फोन करून पुढचं बॅचिंग बंद. वाटेतल्या गाड्या कंपाउंडच्या खोदून ठेवलेल्या पायात.' पाया खोदून ठेवलेला नसेल तर ड्रायव्हर तुमच्याकडे बघत राहील, तुम्ही ड्रमकडे.

राहिला ट्रिगर. 'पंप बंद पडणे' हा या नोंदीचा ट्रिगर म्हणून चालणार नाही, ती तर घटनाच झाली. ट्रिगर म्हणजे घटना येतेय किंवा प्लॅन पुरा पडत नाही हे सांगणारी, मोजता येणारी खूण. आपल्याला दोन हव्यात. पहिली कंटिन्जन्सीसाठी: 'पंपाच्या गेजवर दाब नेहमीपेक्षा वर जाऊन पाइप हादरायला लागला, किंवा कुठल्याही कारणाने ओतणं 15 मिनिटं थांबलं, की स्टँडबाय पंपाला फोन.' ऑपरेटर 'दोन मिनिटांत सुटतंय' म्हणाला तरी फोन करायचाच. पंप सुटला तर स्टँडबायला परत पाठवू, त्याचं भाडं रिझर्व्हमध्ये धरलेलं आहे.

दुसरी फॉलबॅकसाठी: 'स्टँडबाय 45 मिनिटांत आला नाही, किंवा टाकलेल्या काँक्रीटच्या कडेत व्हायब्रेटरची नीडल स्वतःच्या वजनाने उतरेनाशी झाली.' नीडल चालू करून कडेवर उभी धरा आणि हात सैल सोडा. ती आत गेली तर नवं काँक्रीट जुन्यात मिसळेल. ढकलावी लागली तर फळी लावायची वेळ झाली. मग फोनवर 'पाच मिनिटांत पोचतोय' ऐकत बसू नये. उन्हात ही वेळ कागदावरच्या हिशोबापेक्षा लवकर येते, म्हणून फक्त घड्याळाचा ट्रिगर ठेवू नका.

प्रत्येक ट्रिगरपुढे तो बघणारा माणूस आणि किती वेळाने बघायचं ते लिहा. 'सर्वांनी' लिहिलंत तर कोणीही बघणार नाही. गेज ऑपरेटर बघेल, नीडल तुम्ही दर दहा मिनिटांनी, गाड्यांच्या वेळा गेटवरचा स्टोअरकीपर चलनावरून. ऑपरेटरला प्लॅन वाचून दाखवा. त्याने मान डोलावली म्हणून पुढे जाऊ नका, त्याच्याच तोंडून आकडे परत म्हणवून घ्या.

रजिस्टर लॅपटॉपमध्ये असेल तर या धोक्याचं एक पान छापून फळ्यांशेजारी लटकवा. दिवस संपला की कोणता ट्रिगर किती वाजता लागला, कोणी फोन केला, खर्च किती झाला हे त्याच ओळीत भरा. फॉलबॅक वापरला असेल तर जोड प्रत्यक्षात जिथे आला ती रेघ अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंगवर काढा. तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या फ्लॅटवाले ओल आली म्हणून तक्रार घेऊन येतील, तेव्हा प्लंबर आख्खी फरशी उखडण्याऐवजी आधी त्या रेघेपाशी बघेल.