दोन अटॅक बाकी आहेत

आमच्या क्लॅनमधून रणझुंजार गेला. म्हणजे वारला नाही, ‘लीव्ह’ दाबून गेला. पण निरोपाचं पत्र वाचून दोघांनी घरचा पत्ता विचारला आणि एकाने विधी किती वाजता आहेत असं विचारलं, यावरून पत्राचा दर्जा लक्षात यावा.

क्लॅश ऑफ क्लॅन्स खेळणाऱ्यांना हा नमुना परिचयाचा आहे. न खेळणाऱ्यांनाही असणार, कारण असे लोक भजनी मंडळात आणि ट्रेकिंगच्या ग्रुपातही असतात. ते नुसते जात नाहीत, ते जाणं साजरं करतात. रणझुंजारचं पत्र संध्याकाळी सातला सुरू झालं. खेळातल्या गप्पांच्या चौकटीत एका दमात फार मावत नाही, त्यामुळे ते तुकड्यातुकड्यांनी येत राहिलं आणि प्रत्येक तुकड्याखाली ‘क्रमशः’ असायचं. २०१४ साली आपण साधा मेंबर म्हणून कसे आलो, मग एल्डर कसे झालो, मग ‘को’ कसे झालो. (क्लॅनमध्ये को-लीडर म्हणायला कोणाला वेळ नसतो. ‘को द्या ना दादा’ हे वाक्य आमच्याकडे ‘नमस्कार’च्या आधी येतं.) मग आभार. ज्यांना त्याने स्वतः किक मारून हाकललं होतं, त्यांचेही आभार. ‘मी तुम्हाला फक्त देत आलो, घेतलं काहीच नाही,’ असंही एक वाक्य होतं. हे त्याने अशा खेळात लिहिलं, जिथे प्रत्येकाच्या नावाखाली या महिन्यात किती सैन्य दिलं आणि किती घेतलं हे आकड्यात छापलेलं असतं. दिलेलं ३१२. घेतलेलं ४,१८०.

असो. माझी तक्रार त्याबद्दल नाही. भाषणात माणूस थोडं इकडचं तिकडे करतोच. माझी तक्रार एवढीच आहे की त्या वेळी वॉर चालू होतं आणि त्याचे दोन अटॅक बाकी होते.

दोन. प्रत्येकाला दोनच असतात. एका अटॅकला तीन मिनिटं, म्हणजे दोन्ही मिळून सहा. सैन्य उतरवा, पडणाऱ्या भिंतींकडे बघा, शिव्या द्या, संपलं. पत्राला एक तास पंचावन्न मिनिटं लागली.

आता हे वॉर कोणी लावलं होतं, तेही सांगतो. लीडर आणि को या दोघांनाच वॉर सुरू करता येतं. लीडर त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नात होता. वॉर रणझुंजारने लावलं, पंधरा जणांची यादी त्याने केली आणि त्या यादीत स्वतःला घातलं. नकाशावर गावं ताकदीच्या क्रमाने मांडली जातात, त्यामुळे तो आपोआप एक नंबरला बसला. यादी एकदा लागली की बदलत नाही. कोणी आजारी पडलं, कोणाचा फोन विहिरीत पडला, कोणाला वैराग्य आलं, तरी बदली खेळाडू घेता येत नाही आणि एकाचे अटॅक दुसऱ्याला मारता येत नाहीत. पहिला पूर्ण दिवस फक्त तयारीचा असतो. त्या दिवशी एकमेकांच्या गढीत राखणीचं सैन्य भरायचं. रणझुंजारच्या गढीत दोन ड्रॅगन कोणी भरले, तर यादीत तळाला असलेल्या पंधरा नंबरने. बारावीचा पोरगा आहे. क्लासच्या जिन्यात उभा राहून भरले, कारण वर्गात रेंज येत नाही आणि घरी बाबा असतात.

याच पोराने दुसऱ्या दिवशी, खऱ्या लढाईच्या दिवशी, समोरच्यांचे चौदा आणि पंधरा नंबर पूर्ण साफ केले. एका गावावर जास्तीत जास्त तीन स्टार मिळतात: अर्धं गाव पाडलं की एक, टाऊन हॉल पाडला की एक, आणि शंभर टक्के केलं की तिसरा. पोराचे सहा. पैकीच्या पैकी.

रात्री आठ पंचावन्नला चित्र असं होतं. आमच्या बाकीच्यांनी आपले सगळे अटॅक संपवले होते. समोरच्यांची तेरा गावं पूर्ण झोपली होती, म्हणजे तेरा त्रिक एकोणचाळीस. वरची दोन, म्हणजे त्यांचे एक आणि दोन नंबर, भलती मजबूत. त्यांच्यावर आमच्या लहानसहान लोकांनी डोकी आपटून एकेक स्टार काढला होता. एकूण ४१. समोरच्यांचे ४०. पुढे आम्हीच होतो. आणि वरच्या त्या दोन गावांना हात घालू शकेल असं सैन्य ज्याच्याकडे होतं, तो माणूस त्या वेळी ‘या प्रवासात खूप काही शिकलो’ इथपर्यंत आला होता.

कोणी काही बोलेना. सगळे हात जोडत होते, रडके चेहरे टाकत होते, ‘दादा नका ना जाऊ’ म्हणत होते. शेवटी बोललं ते पंधरा नंबरचं पोरगं. ‘दादा, तुमचे दोन अटॅक बाकी आहेत.’

त्यावर आलेलं उत्तर मी जपून ठेवलंय. ‘बाळा, मी आता जिंकण्या-हरण्याच्या पलीकडे गेलोय.’

आणि गेला. ‘रणझुंजार क्लॅन सोडून गेला’ अशी ओळ चौकटीत उमटली.

इथे खेळाचा एक नियम आहे, आणि तो ज्याने केला त्याने माणसं पाहिलेली असणार. वॉर चालू असताना माणूस क्लॅन सोडून जाऊ शकतो, पण त्याचं गाव नकाशावरून हलत नाही. ते तिथेच उभं राहतं आणि शत्रू त्यावर खुशाल चाल करून येऊ शकतो. नऊ वाजून वीस मिनिटांनी तेच झालं. समोरच्यांच्या एक नंबरने आपला शेवटचा अटॅक राखून ठेवला होता. (याला म्हणतात खेळाडू.) रणझुंजारच्या गावातला त्यांचा आधीचा एक स्टार होता, त्याचे तीन झाले. पंधरा नंबरचे ड्रॅगन शेवटपर्यंत लढले. ज्याच्यासाठी लढत होते तो पलीकडे गेला होता, हे त्यांना कोणी कळवलेलं नव्हतं. मी न्यायाने बोलतो: तो थांबला असता तरी हे दोन स्टार वाचले नसते. लढाईच्या दिवशी बचावाची मांडणी बदलता येत नाही, मालक घरात असो वा हिमालयात. पण समोरच्यांचे ४२ झाले आणि आमचे ४१ राहिले, आणि आता गणित पहिलीतल्या मुलाला सुटेल इतकं सोपं होतं. वरच्या दोनपैकी कोणत्याही एका गावावर दोन स्टार आले असते तर बरोबरी, मग पाडापाडीच्या टक्केवारीवर निकाल. तीन आले असते तर ४३, आम्ही जिंकलो. एक नीट अटॅक, तीन मिनिटं. दुसरा तर नुसता हौसेखातर शिल्लक होता.

बरं, दार बंद झालं होतं म्हणावं, तर तेही नाही. त्याच क्लॅनमध्ये परत आलं की आपले उरलेले अटॅक मारता येतात. लीडरने लग्नाच्या मांडवातून आमंत्रण पाठवलं, नवरी पाठवणीला उभी असताना. नऊ पंचविसाला पाठवलं, वॉर नऊ चाळीसला संपणार होतं. साहेबांनी ते उघडलं नाही. का? नेट नव्हतं? होतं. त्याच पंधरा मिनिटांत साहेब आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकाच्या शोकसंदेशाला वेगवेगळं बदाम देत होते. मला लाल, एल्डर लोकांना पिवळं, लीडरला तुटलेलं. मी मोजत बसलो नाही, पण बोटं तीच होती, स्क्रीन तीच होती, आणि ज्या अंगठ्याने बदाम दाबलं त्याच अंगठ्याने एखादा ड्रॅगन सोडला असता तर त्याचं वैराग्य काही विटाळलं नसतं! पंगत वाढायला हौसेने उभं राहायचं, भाताचं पातेलं हातात घ्यायचं आणि मग पंगतीच्या मधोमध थांबून ‘आजवर मी किती पंगती वाढल्या’ यावर भाषण करायचं, आणि लोकांनी रिकामी पानं समोर ठेवून टाळ्या वाजवायच्या. आम्ही वाजवल्या. राग त्याचाही आहे. एवढ्या चौदा मोठ्या माणसांत ‘आधी अटॅक मार आणि मग पाहिजे तिथे जा’ हे सांगायला बारावीचा पोरगा लागला, आणि त्याच्या वाक्याला एकानेही अंगठा दिला नाही. निरोपाच्या वेळी माणसाला त्याच्या उरलेल्या कामाची आठवण करून देणं आपल्याकडे असभ्य समजतात. म्हणूनच आपल्याकडे निरोप समारंभ वेळेवर सुरू होतात आणि कामं मागच्या माणसाच्या टेबलावर सापडतात.

वॉर ४२-४१ ने हरलो. सलग नऊ विजयांची माळ तुटली. निकालाच्या यादीत प्रत्येकाच्या नावासमोर त्याने काय केलं ते दिसतं. पंधरा नंबर: सहा स्टार. एक नंबर: शून्य, आणि न वापरलेले अटॅक दोन. पत्रातला ‘खूप काही शिकलो’ हा तुकडा त्याच्या वरच आहे, कोणीही सरकवून पाहावा.

‘त्यालाही संसार आहे, वेळ मिळत नसेल,’ असं आमच्यातले एक सालस काका म्हणाले. मान्य. नोकरी असते, मुलं होतात, खेळ सुटतो. सुटावाच. पण ज्याला वेळ नाही त्याच्यासाठी खेळात सोय केलेली आहे. आपल्या नावापुढे वॉरची ढाल असते, हिरवी किंवा लाल. हिरवी म्हणजे मला घ्या, लाल म्हणजे मला वगळा. एकदा बोट लावलं की रंग बदलतो. यादी लावायच्या आधी साहेबांनी स्वतःची ढाल लाल केली असती तर एक नंबरला दुसरं कोणी आलं असतं, समोरही त्या ताकदीचाच क्लॅन मिळाला असता आणि पत्राला हवे तेवढे ‘क्रमशः’ घालता आले असते. पण मग ऐन लढाईत जाता आलं नसतं. रिकाम्या मैदानातून निघून जाणाऱ्याकडे कोण बघतो?

गेल्या आठवड्यात क्लॅनमध्ये येण्यासाठी एक अर्ज आला. नाव रणझुंजार, खाली एक ओळ: ‘जुना मेंबर आहे, को मिळेल का?’ लीडरने मत विचारलं. पंधरा नंबरची परीक्षा चालू आहे, त्याची ढाल महिनाभर लाल आहे, तरी त्याने उत्तर दिलं: ‘घ्या, पण मेंबर म्हणून.’ घेतलंय. वॉरच्या यादीत घेतलेलं नाही.

ज्यांना आपापल्या क्लॅनमधून, मंडळातून, ग्रुपातून जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. पत्रही लिहावं, आम्ही रडू. फक्त आधी ढाल लाल करा, किंवा दोन अटॅक मारून घ्या. सहा मिनिटं लागतात.